आगळ, सोलं आणि सरबत: एका बचत गटाच्या व्हिडिओंना नावं देताना

हे प्रकरण कुडाळ तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचं आहे. गटाचं आणि गावाचं नाव देत नाही, कारण यात एका ग्राहकाशी झालेला वाद आहे आणि गटातल्या बायकांना तो पुन्हा उगाळायचा नाही. गट रातांब्यावर चालतो. एप्रिलच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत फळ येतं, कुठे त्याला रातांबा म्हणतात, कुठे भिरंड, आणि तेवढ्या दिवसांत वर्षभराचा माल तयार करावा लागतो.

माल तीन प्रकारचा, आणि पुढचं सगळं या तीन प्रकारांवर अवलंबून असल्याने ते आधी सांगते. फळाची साल रसाची पुटं देत उन्हात वाळवली की ती होतात सोलं. घाटावर त्यांनाच आमसुलं म्हणतात, आणि दुकानात पाकिटावर 'कोकम' छापलेलं असतं. फळ फोडून मिठात ठेवलं, अधूनमधून ढवळलं आणि सुटलेला गडद लाल रस गाळून घेतला की ते आगळ. त्यात साखरेचा कण नसतो, भरपूर मीठ असतं आणि ते मुख्यतः सोलकढीला, आमटीला लागतं. तिसरं सरबत, म्हणजे साल आणि साखर यांचा पाक, पाण्यात घालून प्यायचा. एकाच झाडाची ही तीन लेकरं, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

गटातल्या एकीच्या मुलाने यूट्यूबवर चॅनेल काढून दिलं होतं. त्यावर आगळ करण्याचा पाचसहा मिनिटांचा व्हिडिओ होता. चित्रण चांगलं होतं, हात स्वच्छ, भांडी स्वच्छ, उजेड भरपूर. पण तो व्हिडिओ आधी गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला, तिथून कोणाच्या तरी फोनमध्ये उतरला आणि तिथून चॅनेलवर चढला. शीर्षकाच्या रकान्यात आपण काही लिहिलं नाही तर यूट्यूब फाइलचंच नाव उचलतं. त्यामुळे व्हिडिओचं नाव `VID-20240512-WA0011` असं राहिलं होतं. खालचा वर्णनाचा रकाना रिकामा आणि आवाजाच्या जागी एक सिनेमातलं गाणं.

दुसरा व्हिडिओही आगळाचाच, बाटल्या भरतानाचा. त्याला मुलाने मुद्दाम 'कोकम ज्यूस' असं नाव दिलं होतं, लोक शोधतात म्हणून. तो खरोखर काही लोकांना सापडला. पुण्याच्या एका बाईंनी तो पाहून बाटल्या मागवल्या, पाहुणे आले तेव्हा पाण्यात घालून वर साखर टाकली आणि सगळ्यांसमोर ग्लास खारट निघाला. माल बिघडलेला आहे असं त्यांचं म्हणणं. गटाने पैसे परत केले, पण व्हिडिओखालची त्यांची टिप्पणी राहिली, आणि ती वाचून आणखी दोघांनी विचारलं की तुमच्या सरबतात मीठ का असतं.

या टप्प्यावर ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, बैठकीत बोलायला मला बोलावलं. मी ग्रंथपाल आहे. पुस्तकं वाचकाला सापडतील अशा नोंदी करणं हे माझं रोजचं काम, म्हणून गटांना मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी ताईंनी माझं नाव सुचवलं असावं. त्यांनी दिलेला विषय होता 'व्हिडिओला व्ह्यूज कसे वाढवायचे'. मी तो बदलून मागितला. पुण्याच्या बाईंचा व्ह्यू मिळालाच होता की! गटाला हवा होता तो आगळ हवं असलेला माणूस, आणि ज्याला आगळ नको आहे त्याने वेळीच दुसरीकडे वळणं. वर्णनाला ही दोन्ही कामं करावी लागतात. पहिल्याबद्दल सगळे बोलतात. गटाचा तोटा झाला होता तो दुसऱ्यामुळे.

आधी शोधून पाहिलं

सभागृहात मी काही सांगायच्या आत बायकांना आपापल्या फोनवर गटाचा व्हिडिओ शोधायला लावला. चॅनेलचं नाव टाकायचं नाही, एवढीच अट. कोणी 'आगळ' टाकलं, कोणी बोलून शोधलं, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने `kokum agal` टाइप केलं. इतरांचे व्हिडिओ आले, यांचा आला नाही. मग मी विचारलं, यंत्राला तुमच्या व्हिडिओत काय दिसतं? 'रातांबे दिसतात,' असं उत्तर आलं. चित्रातल्या वस्तू हल्ली यंत्रं काही प्रमाणात ओळखतात हे खरं, पण लाल फळाच्या परातीवरून हे आगळ आहे, विक्रीला आहे आणि कुडाळहून पाठवलं जातं, एवढं कोणतंही यंत्र ओळखणार नाही. शोधताना माणूस शब्द टाकतो आणि त्या शब्दांची गाठ व्हिडिओच्या शीर्षकाशी, वर्णनाशी आणि व्हिडिओत बोललेल्या गोष्टींशी घातली जाते. इथे शीर्षक म्हणजे आकडे, वर्णन कोरं आणि बोलणं गाण्याखाली दबलेलं. गाठ घालायला धागाच नव्हता.

गाण्याचा आणखी एक त्रास असतो. ज्याच्याकडे त्या गाण्याचे हक्क आहेत तो दावा करू शकतो, आणि मग व्हिडिओ काही ठिकाणी बंद होतो किंवा त्याचा आवाज जातो. विक्रीच्या व्हिडिओवर सिनेमाचं गाणं नको, हे मी तिथे ठासून सांगितलं.

शब्द कुठून आणायचे

मग फळ्यावर लिहायला घेतलं. आगळ हवं असलेला माणूस काय टाइप करेल, असं विचारलं तर एक काकी म्हणाल्या, "आमी आगळच म्हणतंव, अजून काय म्हणूचा?" त्यांचं बरोबरच होतं. बनवणाऱ्याला त्या वस्तूचं एकच नाव माहीत असतं. म्हणून अंदाज करत बसण्याऐवजी मी गटाच्या सचिवांना ऑर्डरचं व्हॉट्सअॅप उघडायला सांगितलं. मागच्या उन्हाळ्यापासूनचे संदेश त्यात होते, आणि त्यातला ग्राहकाचा पहिला संदेश तेवढा मोठ्याने वाचायचा असं ठरलं.

ते वाचन हा त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा भाग होता. कोणी लिहिलं होतं, 'ताई ते सोलकढीचं लाल पाणी मिळेल का'. कोणी `amsul 1 kg rate`. कोणी `kokam ras bina sakhar`. एका मुंबईच्या माणसाने 'सोलकढी प्रीमिक्स' विचारलं होतं. एकाने `kokum concentrate`. 'आगळ' हा शब्द वापरणारे बहुतेक चाकरमानी होते, म्हणजे मूळचे इथलेच आणि मुंबईत राहणारे, आणि ते गटाला आधीपासून ओळखत होते. त्यांना शोधायची गरजच नव्हती. ज्यांना शोधायची गरज होती त्यांच्या तोंडी तो शब्द नव्हता.

दुसरं लक्षात आलं ते लिपीचं. पुण्यामुंबईकडचे बरेच संदेश मराठीत होते पण रोमन अक्षरांत, आणि एकाच शब्दाची अक्षरं प्रत्येकाची वेगळी. `amsul`, `aamsul`, `kokam`, `kokum`, `agal`, `aagal`. जो माणूस संदेश असा लिहितो तो शोधतानाही असंच लिहिण्याची शक्यता फार.

आमच्या ग्रंथालयात जुन्या कार्ड तालिकेत यासाठी 'पाहा' नावाची नोंद असायची. वाचक 'आमसूल' या कार्डापाशी आला तर तिथे लिहिलेलं असे 'कोकम पाहा', म्हणजे त्याने कोणताही शब्द धरला तरी तो पुस्तकापाशी पोचायचा. मी बायकांना सांगितलं, वर्णनाचा रकाना हे तुमचं 'पाहा'चं कार्ड आहे. शीर्षकात वस्तूचं खरं नाव ठेवा, आणि लोक ज्या इतर नावांनी ती मागतात ती नावं वर्णनातल्या वाक्यांत येऊ द्या.

शब्दांची खातरी करायला आणखी एक साधी युक्ती आहे. यूट्यूबच्या शोधपट्टीत `kokum` एवढंच टाइप करून थांबायचं. खाली जी नावं आपोआप उघडतात ती लोकांच्या शोधांवरून आलेली असतात. मग हेच देवनागरीत करायचं. ज्या फोनवरून आपण रोज आपलेच व्हिडिओ पाहतो त्या फोनवर आपल्या सवयींचा परिणाम दिसतो, म्हणून हे गुप्त मोडमध्ये किंवा दुसऱ्या कोणाच्या फोनवर केलेलं बरं.

शोधणारा आणि घेणारा

या यादीवरून एक वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. ज्याने चॅनेल काढलं तो मुलगा म्हणाला, "मॅडम, लोक रेसिपी शोधतात. 'आगळ रेसिपी' असं नाव द्या, बघा किती बघतात ते." तो चुकत नव्हता, बघणारे नक्की वाढले असते. पण 'आगळ कसं करायचं' हे कोण शोधतं याचा विचार केला तर उत्तर सरळ आहे: ज्याच्या परड्यात रातांब्याचं झाड आहे किंवा ज्याला बाजारात फळ मिळतं तो. रातांबा पिकला की लवकर मऊ पडतो, तो टोपलीत घालून पुण्याला जाऊन टिकत नाही. म्हणजे हा शोधणारा कोकणातलाच असणार, आणि तो आगळ विकत घेणार नाही.

आता 'सोलकढी कशी करायची' हे शोधणारा माणूस घ्या. तो बहुधा शहरात आहे, त्याच्याकडे नारळ आहे, मिक्सर आहे आणि नाही ते फक्त आगळ. हा खरा गिऱ्हाईक. म्हणजे गटाने आगळ विकायला आगळाचा नव्हे, सोलकढीचा व्हिडिओ करायला हवा, ज्यात त्यांचीच बाटली उघडून चमच्याने आगळ मोजून घातलं जातं. एका नारळाच्या दुधाला तीनचार मोठे चमचे आगळ, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. मीठ आधी घालायचं नाही, चव पाहून मगच, कारण आगळात ते असतंच. ही शेवटची सूचना ऐकली की आगळ खारट असतं हे कोणी वेगळं सांगायला नको.

ही गोष्ट त्या बायकांनी माझ्याहून लवकर पकडली. एक वहिनी म्हणाल्या, सोलांचं तसंच आहे. सोलं कशी वाळवतात हे बघणारा सोलं घेणार नाही, पण आमसुलाची आमटी आणि सार शोधणारा घेईल. त्याच बैठकीत पुढच्या दोन व्हिडिओंचे विषय ठरले.

शीर्षक

जुन्या व्हिडिओचं नाव बदलायला घेतलं. यासाठी व्हिडिओ काढून पुन्हा चढवावा लागत नाही, यूट्यूब स्टुडिओच्या अॅपमध्ये जाऊन नाव आणि वर्णन केव्हाही बदलता येतं. काढून टाकला तर आधी पाठवलेल्या लिंका मरतात.

बायकांनी सुचवलेलं पहिलं नाव 'अस्सल घरगुती शुद्ध नैसर्गिक कोकणी कोकम उत्पादन' असं होतं. प्रत्येक शब्द खरा आहे, पण यातला 'कोकम' सोडला तर दुसरा एकही शब्द कोणी शोधताना टाइप करणार नाही, आणि वाचून हे सोलं आहेत की आगळ की सरबत तेही कळत नाही. दुसरं नाव मुलाचं: आगळ, आमसूल, सोलं, ज्यूस, सरबत, सोलकढी असे सगळे शब्द एकापुढे एक. त्यात 'सरबत' आणि 'ज्यूस' आले की पुण्याच्या बाई पुन्हा येणार. शिवाय व्हिडिओत नसलेल्या गोष्टी शीर्षकात, वर्णनात किंवा टॅगमध्ये घालणं यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यासाठी व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो.

शेवटी ठरलेलं नाव असं:

```
कोकम आगळ – सोलकढीसाठी, साखर नाही, मीठ आहे | Kokum Agal
```

यूट्यूब शीर्षकाला 100 अक्षरांपर्यंत जागा देतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणून नाव दिसतं त्यापेक्षा लांब भरतं. लिहिताना बाजूचा आकडा पाहत राहायचं. वरच्या नावाने साधारण निम्मी जागा घेतली आणि तेवढंच पुरे, कारण फोनवरच्या यादीत लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं. म्हणून वस्तूचं नाव अगदी सुरुवातीला हवं. गटाचं नाव शीर्षकात नको असं मी म्हटल्यावर थोडी नाराजी झाली. पण ते चॅनेलच्या नावात आहेच, आणि अनोळखी माणूस त्या नावाने शोधू शकत नाही.

'साखर नाही, मीठ आहे' हे शब्द ठेवावेत की नाही यावर बराच वेळ गेला. अध्यक्ष ताईंना वाटत होतं की 'मीठ' वाचून लोक पळतील. माझं मत स्पष्ट होतं: जो मीठ वाचून पळेल त्याने पळालेलंच बरं, कारण तो बाटली उघडून पळाला तर पैसे आणि पार्सलचा खर्च दोन्ही जातात.

वर्णन

वर्णनाला 5000 अक्षरांची जागा असते, पण व्हिडिओखाली आधी फक्त पहिल्या एकदोन ओळी दिसतात. बाकीचं दाबून उघडावं लागतं आणि बहुतेक लोक दाबत नाहीत. गटांच्या व्हिडिओंत या जागी सहसा 'नमस्कार, आमच्या चॅनेलवर आपले स्वागत आहे, लाइक करा, शेअर करा' असं असतं. सगळ्यात महाग जागा त्यात जाते. आम्ही लिहिलं ते असं:

```
कोकम आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस, सोलकढी आणि आमटीसाठी.
साखर नाही. सरबतासारखं गोड लागणार नाही.
मागवण्यासाठी: https://wa.me/91XXXXXXXXXX

अर्धा लिटर आणि एक लिटर बाटली. कुडाळ, सिंधुदुर्ग इथून पार्सल.
Kokum agal / kokam aagal for solkadhi. Salted, no sugar.
वाळवलेली आमसुलं (सोलं, amsul) हवीत? – दुसऱ्या व्हिडिओची लिंक
गोड कोकम सरबत हवं? – तिसऱ्या व्हिडिओची लिंक
FSSAI क्र.
```

यातल्या शेवटाकडच्या दोन लिंका मला सगळ्यात जास्त महत्त्वाच्या वाटतात. चुकीच्या व्हिडिओवर आलेला माणूस परत न जाता गटाच्याच योग्य मालाकडे वळतो. 'सरबत' हा शब्द या वर्णनात आहे, पण 'हे ते नाही, ते तिकडे आहे' अशा वाक्यात.

किंमत मुद्दाम लिहिली नाही. रातांब्याचा भाव हंगामागणिक बदलतो आणि जुन्या व्हिडिओखाली राहिलेल्या जुन्या भावावरून भांडणं होतात. किंमत व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ठेवायची, तिथे बदलायला एक मिनिट लागतं. बाटलीचं माप मात्र लिहायचंच, कारण पहिला प्रश्न तोच येतो. शेवटच्या ओळीत नोंदणीचा 14 अंकी क्रमांक. तो लेबलवर असतोच, इथेही असला की अनोळखी ग्राहकाचा एक संशय कमी होतो.

`wa.me` पुढे देशाचा 91 आणि मग फोन नंबर, मध्ये अधिकचिन्ह किंवा शून्य नाही. दाबलं की थेट चॅट उघडतं. नव्या चॅनेलवर वर्णनातली लिंक कधी कधी दाबता येत नाही, आधी चॅनेलची पडताळणी पूर्ण करावी लागते. म्हणून लिहून झाल्यावर दुसऱ्या फोनवरून दाबून पाहायचं. शॉर्ट्सच्या वर्णनातल्या लिंका तर 2023 पासून दाबताच येत नाहीत. शॉर्ट्समधून मोठ्या व्हिडिओकडे पाठवायचं आणि ऑर्डरची लिंक तिथे द्यायची.

इथे एका गोष्टीवर मी अडून बसले. आधीच्या एका व्हिडिओत गटातल्या एका तरुण सदस्येचा खासगी नंबर होता आणि तिला रात्रीबेरात्री फोन येत होते. घरातून बोलणी बसली म्हणून ती बैठकीला यायची बंद झाली होती. व्हिडिओखाली लिहिलेला नंबर जगभर उघडा असतो. म्हणून गटाच्या नावाचं वेगळं सिम, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस, उत्तर देण्याची वेळ ठरलेली आणि फोन सांभाळण्याची पाळी लावलेली. ही व्यवस्था होईपर्यंत वर्णनात नंबर टाकू नका असं मी सांगितलं, आणि त्यांनी तो त्या सिमची सोय झाल्यावरच टाकला.

टॅग आणि हॅशटॅग यांवर मी थोडक्यात बोलले, कारण तिथे फार काही दडलेलं नाही. टॅगचा शोधात फारच थोडा उपयोग होतो असं यूट्यूब स्वतः सांगतं. लोक ज्या शब्दांचं स्पेलिंग चुकवतात ते शब्द घालायला ते बरे, म्हणजे आपले `aagal` आणि `aamsul` तिथे गेले. हॅशटॅग दोनतीन पुरेत. 60 पेक्षा जास्त घातले तर यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करतं.

जे लिहायचं नाही

शोधपट्टीत `kokum` टाइप केल्यावर उघडलेल्या नावांत पित्त, वजन, शुगर असे शब्दही दिसले होते. साहजिकच एकीने विचारलं, "मग 'पित्तावर रामबाण, वजन कमी करते' असं लिहूया ना? लोक तेच शोधतायत." आपल्याकडे पित्त झालं की कोकम सरबत देतात, हे घरोघरी ठाऊक आहे. पण विकणाऱ्याने रोग बरा करण्याचा दावा लिहिला की ती जाहिरात होते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 53 खाली अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हिडिओचं वर्णन त्यातून सुटत नाही. शिवाय आगळात मीठ भरपूर. रक्तदाबाचा माणूस 'आरोग्यदायी' वाचून ते रोज प्यायला लागला तर त्याचं काय होईल, असं मी विचारलं आणि तो विषय तिथेच मिटला. वापर लिहायचा, गुण लिहायचे नाहीत: सोलकढीला, आमटीला, माशाच्या कालवणाला.

बोललेलं आणि छापलेलं

जुन्या व्हिडिओचं गाणं काढून टाकलं आणि एका सदस्येने त्यावर नव्याने बोलून घेतलं. पहिल्या काही सेकंदांतच नाव आणि ओळख: 'हे कोकम आगळ. रातांब्याचा रस, यात साखर नाही, मीठ आहे.' ती मालवणीत बोलली आणि तसंच ठेवा असं मी म्हटलं. खालच्या अक्षरांत मात्र तेच सगळ्यांना वाचता येईल अशा मराठीत टाइप केलं. यंत्र ही अक्षरं आपोआप तयार करेल आणि मालवणी बरोबर ओळखेल असं धरून बसायचं नाही, सबटायटलच्या पानावर जाऊन ती हाताने टाइप करायची. पाच मिनिटांच्या व्हिडिओला मुलाची एक संध्याकाळ गेली. आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघणारे खूप असतात, आणि मालवणी न कळणाऱ्या विदर्भातल्या माणसालाही मीठसाखरेचं तेवढ्यात कळतं.

आवाज बदललेला व्हिडिओ ही नवी फाइल असल्यामुळे तो नव्याने चढवावा लागला. तेव्हा फाइललाच आधी `kokum-agal` असं नाव दिलं, म्हणजे शीर्षक लिहायचं कोणी विसरलं तरी आकडे लागणार नाहीत. जुना व्हिडिओ नवीन नावासह तसाच ठेवला आणि त्याच्या वर्णनात सगळ्यात वर नव्याची लिंक दिली. 'कोकम ज्यूस'चं नावही बदललं, आणि पुण्याच्या बाईंची टिप्पणी न पुसता तिच्याखाली उत्तर लिहिलं: हे आगळ आहे, आम्ही नाव चुकीचं दिलं होतं, ते आता बदललं आहे. टिप्पणी पुसावी असं काहींचं म्हणणं होतं. मला वाटतं, ते उत्तर वाचून कळतं तेवढं स्पष्ट वर्णनातही लिहिता आलं नसतं.

पुढे काय झालं

बघणाऱ्यांचा आकडा एकदम वाढला असं झालं नाही. लहान चॅनेलचं तसं होत नाही, कारण शोधात वर कोण येणार हे नुसत्या शब्दांवर ठरत नाही. लोक व्हिडिओ किती वेळ बघतात यावरही ते ठरतं आणि मोठ्या पाककृतीच्या चॅनेलशी गटाची तिथे बरोबरी नाही. 'सोलकढी रेसिपी' एवढ्याच शब्दांवर गटाचा व्हिडिओ आजही खूप खाली येतो. 'kokum agal' आणि 'बिनसाखरेचं कोकम' अशा नेमक्या शब्दांवर तो दिसू लागला. बाकीची विक्री अजून मोठ्या प्रमाणात गणपतीला आणि मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांकडूनच होते, त्यांना वर्णनाशी घेणंदेणं नाही.

बदल दिसला तो संदेशांत. सचिवांनी ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवला होता: ग्राहकाने पहिला प्रश्न काय विचारला. आधी 'हे सरबत आहे का', 'पाण्यात किती घालायचं' असे प्रश्न असायचे. नव्या वर्णनानंतर 'एक लिटर फुटणार नाही ना पार्सलमध्ये', 'किती दिवस टिकतं' असे प्रश्न येऊ लागले. म्हणजे माणूस काय घेतोय हे कळून येत होता. खारट लागलं म्हणून परत करण्याचा प्रसंग त्यानंतर आला नाही. पार्सल फुटण्याचा प्रश्न वारंवार आल्यामुळे बाटली कशी बांधतात हे वर्णनात घातलं. वहीतला हा रकाना वर्णन सुधारण्याचं सगळ्यात चांगलं साधन ठरला, कारण जो प्रश्न दोनतीनदा येतो त्याचं उत्तर वर्णनात नाही असा त्याचा अर्थ.

काही महिन्यांनी मी सचिवांबरोबर स्टुडिओमधल्या अॅनालिटिक्सच्या पानावर बसले. तिथे लोक कुठून आले याची माहिती असते, आणि यूट्यूबच्या शोधातून आलेल्यांनी कोणते शब्द टाकले होते तेही दिसतं. आगळ करण्याच्या व्हिडिओवर जे शब्द दिसले त्यात वरचे बहुतेक 'आगळ कसं करतात', `agal recipe marathi` असेच होते. शीर्षकात 'कसं करतात' कुठेच नव्हतं, तरी व्हिडिओत तेच दाखवलेलं असल्यामुळे ते लोक येत होते. सचिव जरा हिरमुसल्या. हे घेणारे नव्हेत, हे त्यांना बैठकीपासून माहीत होतं.

पण याच लोकांकडे झाडं होती. गटाला दर वर्षी फळ कमी पडतं, आणि आसपासच्या गावांत रातांबे झाडाखाली पडून कुजतात, कारण तोडायला माणूस नाही आणि घेणारा माहीत नाही. त्या दुपारी आगळाच्या त्या व्हिडिओच्या वर्णनात ऑर्डरच्या लिंकखाली आणखी एक ओळ घातली: 'कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला भागात रातांबे विकायचे असतील तर याच नंबरवर कळवा, एप्रिल ते जून.' पहिला फोन एप्रिल लागायच्या आधीच आला. समोरच्याने विचारलं ते हे, की फळ तुम्ही तोडून नेणार की आम्ही तोडून द्यायचं. गटात त्यावर अजून ठरलेलं नाही, आणि ठरेल तेव्हा तेही वर्णनात लिहावं लागेल.